गजाने जे सांगता येत नाही

ब्रिटनमधल्या संगीत महाविद्यालयात व्हायोलिन शिकायला जायचं असेल, तर बहुतेक ठिकाणचा अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स या सामाईक यंत्रणेतून भरावा लागतो. संगीताच्या अभ्यासक्रमांची मुदत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते आणि प्रवेश मिळतो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरचा. अर्जासोबत दोन शिफारसपत्रं लागतात. एक शाळा-कॉलेजातल्या अभ्यासाबद्दल, दुसरं वादनाबद्दल. हे दुसरं पत्र व्हायोलिनच्या शिक्षकांनी लिहायचं असतं आणि आपल्याकडे नेमकं तेच सर्वांत घाईत लिहिलं जातं.

‘अत्यंत गुणी, मेहनती, नम्र विद्यार्थिनी. उज्ज्वल भवितव्याची खात्री वाटते.’ अशी पत्रं परीक्षकांपुढे ढिगाने येतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. मुलगी सुरेल वाजवते की नाही, हे ते ऑडिशनमध्ये स्वतःच ऐकणार असतात किंवा पाठवलेल्या चित्रफितीत पाहणार असतात. आठव्या ग्रेडला 150 पैकी 138 गुण मिळाले, हेही अर्जात असतंच. (130 किंवा त्याहून जास्त गुणांना डिस्टिंक्शन, हे त्यांना ठाऊक असतं.) मग पत्राने सांगायचं काय? पंधरा-वीस मिनिटांच्या वादनात जे दिसू शकत नाही, ते. ही मुलगी इथवर कुठून आली, किती वेगाने आली आणि चूक दाखवली की पुढे काय करते.

समजा, मुंबईतल्या एका सतरा वर्षांच्या मुलीसाठी पत्र लिहायचं आहे. ती बाख यांच्या डी मायनर पार्टिटामधली आलमांड आणि ब्रुख यांच्या जी मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजवणार आहे. तिच्या शिक्षकांनी असं लिहिलं तर ते कामाचं ठरेल:

‘तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली तेव्हा डाव्या हाताचा अंगठा व्हायोलिनच्या मानेवर दाबून धरायची. त्यामुळे पहिल्या पोझिशनमधून तिसऱ्या-पाचव्या पोझिशनला जाताना हात अडखळायचा आणि स्वर उतरायचा. आम्ही सगळ्या रचना बाजूला ठेवल्या. चार महिने फक्त संथ लयीतली तीन सप्तकांची स्केल्स आणि क्रॉयत्झरचे अभ्यास वाजवले. तिने एकदाही कुरकुर केली नाही; उलट दर आठवड्याला आपलं रेकॉर्डिंग ऐकून कुठे हात अडकतो याची यादी घेऊन यायची. आज तो दाब गेला आहे. लय वाढली की वरच्या ई तारेवर, उंच पोझिशनमध्ये, स्वर अजूनही थोडा ढळतो. मात्र तो ढळला हे माझ्या आधी तिच्या लक्षात येतं. नवं स्वरलेखन पाहून लगेच वाजवण्यात ती मागे आहे. वाद्यवृंदाचा अनुभव कमी आहे, कारण तिच्या शाळेत वाद्यवृंदच नाही. गेलं वर्षभर ती एका चौकडीत दुसरं व्हायोलिन वाजवते. तिथे ती स्वतःच्या ओळीपेक्षा चेलोकडे जास्त लक्ष देते.’

या पत्रात ‘प्रतिभा’ हा शब्दच नाही, तरी ती दिसते. उणीव लिहिली म्हणजे शिष्येचं नुकसान केलं, असं पुष्कळ शिक्षकांना वाटतं. माझं मत उलट आहे. ई तारेवरचा ढळलेला स्वर परीक्षकांना ऐकू येणारच. पत्रात तो आधी नोंदलेला असला, की उरलेल्या कौतुकावरही विश्वास बसतो. शिवाय महाविद्यालयाला तयार वादक नको असतो. चार वर्षं शिकवता येईल असा विद्यार्थी हवा असतो.

वाद्यवृंदाबद्दलचं वाक्य भारतातल्या अर्जदारांसाठी विशेष गरजेचं. ब्रिटनमध्ये अनेक मुलं शाळेच्या किंवा गावाच्या युवा वाद्यवृंदात वाढतात. आपल्याकडे अशी संधी थोड्यांनाच मिळते. ही पार्श्वभूमी कळली नाही, तर अर्जातली मोकळी जागा अनास्थेची खूण वाटू शकते. ती शिक्षकांनीच भरून काढायला हवी.

पत्र बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. शिक्षक स्वतःच्याच मैफली आणि पदव्या सांगत बसतात. त्यांच्याबद्दल एक ओळ पुरे, किती वर्षं शिकवतात आणि या मुलीला आठवड्यातून किती वेळा. दुसरं, एकच मसुदा नाव बदलून सगळ्यांना दिला जातो आणि दोघांचे अर्ज एकाच ठिकाणी गेले की ते उघडं पडतं. तिसरं म्हणजे अतिशयोक्ती. पागानिनीचे काप्रीस सहज वाजवते असं लिहिलं आणि परीक्षकांनी त्यातला एखादा मागितला, तर फजिती मुलीची होते. घरची अडचण किंवा आजारपण लिहायचं असेल, तर आधी तिची परवानगी घ्यावी. आई, काका किंवा मावशीच शिकवत असेल, तर पत्र दुसऱ्या कुणाकडून घ्यावं लागतं. नातेवाइकांचं चालत नाही.

पत्र कितीही चांगलं असलं तरी कच्चं ऑडिशन सावरत नाही. निर्णय प्रामुख्याने वादनावरच होतो. दोन उमेदवार जवळपास सारखे वाजले, की पत्राला वजन येतं. म्हणून विद्यार्थ्यांनी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरांना गाठू नये. जुलैतच ऑडिशनच्या रचनांची यादी, महाविद्यालयांची नावं आणि मुदतीची तारीख त्यांच्या हाती द्यावी.