कीबोर्डाखाली गेलेलं नाव

नोंदणीचा पडदा बहुतेक अ‍ॅपमध्ये एकाच घाटाचा असतो. वर लोगो, मध्ये फोटोसाठी गोल, त्याखाली ‘पूर्ण नाव’ची चौकट आणि तळाशी ‘पुढे’ हे बटण. चौकटीवर बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो आणि चौकटच त्याच्याखाली गडप होते. अक्षरं उमटत असतात, पण दिसत नाहीत.

हिशेब साधा आहे. पडद्याची उंची ८०० एकक धरू. कीबोर्ड आणि त्याच्या डोक्यावरची शब्द सुचवणारी पट्टी मिळून साधारण ३०० एकक जागा घेतात, म्हणजे वरची ५०० उरते. नावाची चौकट वरून ५६० वर असेल तर ती झाकली जाणारच. आता कोणीतरी हलायला हवं. कोणी हलायचं, हे अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणारा ठरवतो.

त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. `adjustResize` निवडलं तर अ‍ॅपची खिडकी ८०० वरून ५०० ची होते आणि आतला मजकूर तेवढ्या जागेत बसवावा लागतो. `adjustPan` निवडलं तर खिडकी तेवढीच राहते, पण आतलं सगळं चित्र वर सरकवलं जातं, म्हणजे लिहिण्याची जागा उघडी राहते. दुसरी वाट सोपी वाटते, पण तिच्यात लोगो पडद्याबाहेर जातो आणि ‘पुढे’ हे बटण कीबोर्डामागेच राहू शकतं. पहिली वाट चांगली, मात्र एका अटीवर: पडदा बोटाने वरखाली सरकणारा हवा. लोगो आणि फोटोला ठरावीक उंची देऊन पडदा जागच्या जागी खिळवला असेल, तर खिडकी ५०० ची होऊनही चौकट तिच्या कडेबाहेरच राहते.

तिसरा प्रकार जास्त फसवा. गेमसारखी अ‍ॅप वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी लपवून पूर्ण पडदा व्यापतात. जुन्या पद्धतीने असा पूर्ण पडदा मागितला की `adjustResize` लिहिलेलं असूनही अँड्रॉइड ते मानत नाही. हे त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे, पण तिथवर वाचतो कोण! २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेली अ‍ॅप आपोआप काठापासून काठापर्यंत पसरतात आणि कीबोर्डाने किती जागा खाल्ली हे त्यांना स्वतः विचारून घ्यावं लागतं. कालपर्यंत नीट चालणारी चौकट अपडेटनंतर झाकली जाऊ लागली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

संकेतस्थळांवरचा खेळ थोडा वेगळा. आयफोनवरचा सफारी कीबोर्ड आला तरी पानाची मांडणी बदलत नाही, फक्त दिसणारा भाग लहान करतो आणि चौकट त्यात आणून ठेवतो. अँड्रॉइडवरचा क्रोम पूर्वी पानच आखूड करायचा. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १०८ व्या आवृत्तीपासून तोही सफारीसारखा वागू लागला. त्यामुळे पानाच्या तळाला चिकटवलेलं ‘जतन करा’ कीबोर्डामागे जातं. जुनं वागणं हवं असेल तर पान बनवणाऱ्याला `interactive-widget=resizes-content` असं सांगावं लागतं.

मराठीत लिहिणाऱ्याला हा त्रास जास्त जाणवतो. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डावर ‘sharvari’ लिहिलं की पट्टीवर ‘शर्वरी’, ‘शरवरी’ असे पर्याय येतात. त्यांतला कोणता चौकटीत गेला, हे चौकट पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढे कागदपत्रांवरच्या नावाशी ते ताडून पाहिलं जाणार असेल, तर रफार महाग पडतो.

हा दोष तपासणीतून सुटतो कसा? कारण बऱ्याचदा तपासणी संगणकावरच्या नकली फोनवर होते. आयफोनच्या सिम्युलेटरला संगणकाचा कीबोर्ड जोडलेला असला की पडद्यावरचा कीबोर्ड उगवतच नाही. तपासणारा टकाटक नाव लिहितो, सगळं ठीक दिसतं. त्याने कमांड, शिफ्ट आणि के ही बटणं एकत्र दाबून जोडणी सोडवली असती, तर चौकट तिथेच बुडालेली दिसली असती.

वापरणाऱ्याच्या हाती थोडंच आहे. आधी पडदा बोटाने वर ढकलून पाहावा. सरकला तर प्रश्न मिटला. नाही सरकला तर जीबोर्डमध्ये कीबोर्ड तरंगता करता येतो, म्हणजे तो उचलून लोगोवर नेऊन ठेवता येतो. त्याची उंचीही सेटिंगमध्ये कमी करता येते. फोन आडवा धरू नये, तेव्हा उंची आणखी घटते. अगदीच काही जमलं नाही तर नाव नोट्समध्ये लिहून, नीट वाचून, इथे चिकटवावं. कीबोर्ड खाली घालवला तरी लिहिलेलं सहसा पुसलं जात नाही, तेव्हा ‘पुढे’ दाबण्याआधी तो घालवून नाव एकदा वाचून घ्यावं. आणि तक्रार करताना ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच न लिहिता फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, कीबोर्डचं नाव आणि झाकलेल्या चौकटीचा स्क्रीनशॉट पाठवावा. दोष नेमका कुठे आहे ते बनवणाऱ्याला त्यावरून शोधता येतं.