नूतनीकरण शुल्क, चर्चासत्रे आणि आयकर

शाहूवाडी तालुक्यातील एका वैद्यमित्रांनी कोल्हापूर येथील पंचकर्म प्रशिक्षणाची ८ हजार रुपयांची पावती पुढे करून विचारले, "डॉक्टर, ही रक्कम उत्पन्नातून वजा होईल ना?" उत्तर ते विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरतात यावर अवलंबून होते.

त्यांची वर्षाची जमा ९ लाख रुपये. ते आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडीए अन्वये अनुमानित उत्पन्न दाखवतात. या पद्धतीत जमेच्या निम्मी रक्कम, म्हणजे साडेचार लाख, उत्पन्न धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सर्व खर्च आला असे कायदा मानतो. त्यामुळे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क अथवा ही पावती त्यातून पुन्हा वजा करता येत नाही. बरेच व्यावसायिक नेमके येथेच चुकतात. या मित्रांचा प्रत्यक्ष खर्च ३ लाख ६० हजारच होता. हिशेब ठेवून खरा नफा दाखवला असता तर ५ लाख ४० हजारांवर कर आकारला गेला असता. त्यांना अनुमानित पद्धतच लाभाची, पावती सोडून द्यावी!

मात्र खर्च निम्म्याहून अधिक असेल, तर हिशेबवह्या ठेवून कलम ३७(१) खाली असे शुल्क वजा मागता येते. त्या वेळी नफा निम्म्याहून कमी आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास लेखापरीक्षणही करावे लागते, हा खर्च विसरू नये. शिवाय एकाच व्यक्तीस एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः नाकारला जातो. शुल्क धनादेशाने वा बँकेतून भरावे.

कोणता खर्च मान्य, हेही पाहावे. चालू व्यवसायातील ज्ञान ताजे ठेवणारे चर्चासत्र महसुली खर्च ठरते. परंतु एम.डी. सारख्या नव्या पदवीचे शुल्क वैयक्तिक वा भांडवली स्वरूपाचे म्हणून नाकारले जाण्याचा धोका मोठा. औषधनिर्मात्यांचे जीएमपी प्रमाणपत्राचे शुल्क व्यवसायखर्चातच मोडते, अर्थात तेही हिशेब ठेवणाऱ्यांनाच.

नोकरदार वैद्यांची स्थिती निराळी. पगारातून केवळ ठरावीक प्रमाणित वजावट मिळते; स्वतः भरलेल्या प्रशिक्षण शुल्कासाठी वेगळी तरतूद नाही. कलम ८०सी मधील शिक्षण शुल्काची सवलत मुलांच्या शिक्षणासाठी आहे, स्वतःच्या नव्हे. येथे मार्ग एकच: कामाशी निगडित प्रशिक्षणाचे शुल्क रुग्णालयाने किंवा फार्मसीच्या मालकाने थेट भरावे आणि पावती संस्थेच्या नावे घ्यावी. मालकाला तो व्यवसायखर्च, तर कर्मचाऱ्याच्या पगारात त्याची भर पडत नाही.

वरील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर कायदा २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. करसल्लागाराशी बोलताना वर्ष आधी सांगावे.