एक मेल, सात प्रश्न

मोठ्या मेलला उत्तर न येणे ही तक्रार जुनी आहे. पण त्याहून जास्त वैताग देते ते अर्धे उत्तर. आपण चार-पाच गोष्टी विचारलेल्या असतात, समोरचा माणूस एकीचेच उत्तर देतो आणि त्याच्या हिशेबी विषय संपतो. हा आळस नसतो. तो साइटवर, दोन कामांच्या मध्ये, फोनच्या पडद्यावर मेल वाचतो. एवढ्याशा पडद्यावर दीडशे शब्दांचा सलग परिच्छेद म्हणजे अक्षरांची भिंत. शेवटचे वाक्य लक्षात राहते, त्याचे उत्तर दिले जाते.

नमुना म्हणून असा एक मेल घेऊ. हाउसिंग सोसायटीचा सचिव स्ट्रक्चरल इंजिनीअरला लिहितो आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींनी दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, असे महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे असे मेल बऱ्याच सचिवांना लिहावेच लागतात.

“आदरणीय सर, नमस्कार. आपण मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची पाहणी करून गेलात त्याबद्दल आभार. इमारत १९९१ची असून चार मजली आहे. मागे २०१९ मध्ये ऑडिट झाले होते पण त्या अहवालाची प्रत सध्याच्या समितीकडे नाही, आपल्याला ती लागणार असल्यास तसे कळवावे. चाचण्यांसाठी काही सदस्य घरात ड्रिल मारू देणार नाही म्हणतात, कोअर किती आणि कुठून काढणार याची कल्पना मिळाली तर त्यांना समजावता येईल. पावसाळा तोंडावर आहे आणि बी विंगच्या जिन्याखालच्या कॉलमचे प्लास्टर पडून सळई दिसू लागली आहे, तिथे टेकू द्यावेत असे काहींचे म्हणणे आहे. शिवाय आपण तोंडी सांगितलेली फी जीएसटी धरून की वगळून यावर समितीत वाद आहे. महापालिकेचा अहवाल आणि सोसायटीचा अहवाल एकच की वेगळे हेही समजले नाही. आमची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे, तोपर्यंत अहवाल मिळाल्यास बरे होईल. वरील सर्व बाबींवर आपले मत कळवावे ही विनंती.”

यात भाषेची चूक नाही, उद्धटपणा नाही. आणि प्रश्नचिन्हही एक नाही. ‘कळवावे’, ‘काहींचे म्हणणे आहे’, ‘वाद आहे’, ‘समजले नाही’, ‘बरे होईल’ अशा सभ्य शेपट्यांखाली सगळे प्रश्न दडलेले आहेत. आपल्याकडच्या अर्जाच्या भाषेने लावलेली ही सवय आहे. सरळ विचारणे म्हणजे उर्मटपणा असे आपण धरून चालतो. इंजिनीअरकडून यावर बहुधा “अहवाल ऑगस्टअखेर देतो” एवढेच येईल. उघड्या पडलेल्या सळईचे काय, ते तसेच राहील.

आता हा मेल मोडायचा कसा ते पाहू. एक-एक वाक्य घ्यायचे आणि स्वतःला विचारायचे की या वाक्याबद्दल मला समोरून काही परत हवे आहे का. नको असेल तर ती माहिती. हवे असेल तर नक्की काय हवे: हो-नाही, आकडा, तारीख, की दोनपैकी एकाची निवड? त्या रूपात प्रश्न लिहायचा आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचे. वरच्या मेलमध्ये ‘आभार’ आणि ‘१९९१ची इमारत’ ही माहिती आहे. ‘वरील सर्व बाबींवर मत कळवावे’ यात तर काहीच मागितलेले नाही, ते वाक्य काढून टाकायचे. ‘कोअर किती आणि कुठून’ हे मात्र दोन प्रश्न आहेत. कोअर म्हणजे काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी ड्रिलने कापून काढलेला दंडगोल तुकडा. सदस्यांची भीती संख्येची नाही, आपल्या घराची आहे. ‘किती’चे उत्तर आले आणि ‘कुठून’ राहून गेले, तर समितीच्या हाती काही लागत नाही. प्रश्नात ‘आणि’ दिसला की तिथे कात्री चालवायची, हा त्यातल्या त्यात पक्का नियम.

मोडून पुन्हा जोडलेला मेल असा होईल:

विषय: स्ट्रक्चरल ऑडिट – ७ प्रश्न, पहिला तातडीचा, बाकीची उत्तरे शुक्रवारपर्यंत

सर, नमस्कार. पाहणीबद्दल आभार. पुढच्या प्रश्नांना एका-एका ओळीची उत्तरे पुरतील, क्रमांक टाकून दिलीत तरी चालेल. (इमारत १९९१ची, चार मजली.)

प्र. १ – तातडीचा. बी विंगच्या जिन्याखालच्या कॉलमची सळई उघडी पडली आहे, फोटो जोडला आहे. चाचण्यांआधीच टेकू लावायचे का? हो / नाही / येऊन पाहतो.

प्र. २ – २०१९च्या ऑडिटची प्रत तुम्हाला लागेल का? (आमच्याकडे नाही, लागणार असेल तर जुन्या सचिवांकडे विचारतो.)

प्र. ३ – काँक्रीटचे कोअर साधारण किती काढाल?

प्र. ४ – त्यातले किती घरांच्या आतून?

प्र. ५ – तुम्ही सांगितलेल्या फीमध्ये जीएसटी धरला आहे का?

प्र. ६ – महापालिकेला द्यायचा आणि सोसायटीला द्यायचा अहवाल एकच असेल का?

प्र. ७ – अहवाल कोणत्या तारखेला मिळेल? सभा २८ सप्टेंबरला आहे, तिची नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते. म्हणून १० सप्टेंबरपर्यंत हवा आहे.

आधीच्या मेलमध्ये कॉलमची गोष्ट मधोमध गाडली गेली होती, कारण लिहिणाऱ्याला जसे आठवले तसे त्याने लिहिले. आता ती सर्वांत वर आली आणि विषयाच्या ओळीतही तिची खूण आहे. पार्श्वभूमी काढून टाकलेली नाही, फक्त जिथे ती लागते त्याच प्रश्नाच्या पोटात गेली आहे. सभेची तारीख सातव्या प्रश्नात आहे, कारण ती कळल्याशिवाय १० सप्टेंबरचा आग्रह का, हे इंजिनीअरला समजणार नाही.

पहिल्या प्रश्नातला ‘येऊन पाहतो’ हा तिसरा पर्यायही मुद्दाम ठेवला आहे. तज्ज्ञाला हो-नाहीच्या कोपऱ्यात गाठले की तो उत्तरच देत नाही. ‘इमारत सुरक्षित आहे का? हो / नाही’ असे चाचण्यांआधी विचारले तर कोणताही जबाबदार इंजिनीअर लेखी उत्तर देणार नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याचे उत्तर त्या क्षणी त्याच्याजवळ आहे तेवढेच क्रमांकाखाली घ्यायचे. बाकीचे फोनवर किंवा भेटीत.

प्रश्न क्रमांकाने विचारण्याचा मोठा नमुना आपल्याकडे छापील स्वरूपात उपलब्ध आहे: विधिमंडळातले तारांकित प्रश्न. ‘(१) अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली मंत्र्यांचे उत्तर त्याच क्रमांकांनी. कोणता भाग टाळला ते वाचणाऱ्याला लगेच दिसते. पण या साच्यातली एक खोट तिथेच शिकायला मिळते. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्यांना एकच ओळ पुरते: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ एकाच्या खांद्यावर दुसरा असे प्रश्न रचले की पहिला कोसळताच बाकीचेही कोसळतात. आपल्या मेलमध्ये म्हणूनच प्रत्येक प्रश्न होता होईल तो स्वतःच्या पायावर उभा असावा. प्र. ४ हा प्र. ३ वर टेकलेला आहे खरा, पण ‘एकही नाही’ हे त्याचे उत्तर कोअरची संख्या न सांगताही देता येते.

क्रमांक हाताने टाइप करावेत, असा माझा आग्रह आहे. मेलमधल्या आपोआप क्रमांक टाकणाऱ्या यादीत उत्तर देणाऱ्याने प्रश्नाखाली एंटर मारला की त्याच्या उत्तरालाच पुढचा क्रमांक मिळतो आणि मग आपला प्र. ४ त्याच्याकडे प्र. ५ होऊन बसतो. ‘प्र. १’ असे साधे अक्षरांत लिहिले की ही गडबड होत नाही. आणि प्रश्न किती? फोनच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवून संपतील इतके. सात ही माझ्या मते वरची हद्द. बारा निघाले तर त्यातले चार बहुधा आपण स्वतःच शोधू शकतो; तरीही बाराच उरले तर मेल सोडून भेटीची वेळ मागावी.

आता उत्तर येईल ते असे काहीसे: “१ येऊन पाहतो, उद्या सकाळी ९. तोवर जिन्याखाली गाड्या लावू नका. २ हो. ३ सहा. ४ एकही नाही, सगळे पार्किंगमधून आणि जिन्यातून. ५ नाही, १८ टक्के वेगळा. ७ पाच सप्टेंबर.” तीस-पस्तीस शब्द, टाइप करायला दोन मिनिटे. सहावा गाळला आहे, आणि तो गाळला हे शोधायला आपल्यालाही सगळे पुन्हा वाचावे लागत नाही. अशा वेळी आख्खा मेल परत पाठवू नये, फक्त “प्र. ६ राहिला आहे” एवढे लिहून तो प्रश्न पुन्हा द्यावा. नवे काही विचारायचे असेल तर त्याला प्र. ८ म्हणावे. दुसऱ्या फेरीत पुन्हा १ पासून मोजायला सुरुवात केली की ‘तुमच्या १ नंबरला हो म्हटले होते’ यावरून भांडण ठरलेले.

“४ एकही नाही” हे समितीच्या इतर सदस्यांना तसेच पुढे पाठवले तर कोणालाच काही कळणार नाही. फोनवर जुना मेल बऱ्याचदा तीन टिंबांआड दडलेला असतो आणि तो उघडून पाहायचे कष्ट कोणी घेत नाही. म्हणून पुढे पाठवताना प्रश्न आणि त्याखाली उत्तर अशी जोडी लावून द्यावी. फीसारखा पैशाचा विषय असेल तर ती जोडी इंजिनीअरलाच परत पाठवून ‘असेच ना?’ विचारून घ्यावे.

ही पद्धत सगळीकडे वापरू नये. आजारी माणसाच्या घरी, रुसलेल्या नातेवाइकाला किंवा ज्याच्याशी आधीच बिनसले आहे अशा शेजाऱ्याला क्रमांक टाकून प्रश्न पाठवले तर ते खुलासा मागणाऱ्या मेमोसारखे वाचले जातात. तिथे फोन करावा. वयाने मोठ्या माणसालाही क्रमांक चालतात, फक्त सुरुवातीला दोन शब्द विचारपुशीचे हवेत आणि ‘एका ओळीत उत्तर द्या’ असा हुकूम नको. ‘सवडीने, क्रमांक टाकून लिहिलेत तरी पुरे’ असे लिहावे.

पुढचा मोठा मेल पाठवण्याआधी त्यातली प्रश्नचिन्हे मोजा. आपल्याला हव्या असलेल्या उत्तरांपेक्षा ती कमी भरली, तर तो मेल अजून पाठवण्याजोगा झालेला नाही.