बहुभाषिक उत्पादन-सूचीतील संज्ञांची एकरूपता : वायगाव हळदीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातील वायगाव (हळद्या) येथील हळदीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे हा माल मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील सूचींमधून ग्राहकांसमोर मांडणे शक्य झाले आहे. मात्र एकाच वस्तूस तीन भाषांत, आणि पुष्कळदा एकाच भाषेत, तीन नावे दिली गेल्यास ग्राहक मागवतो एक आणि त्याच्या हाती पडते दुसरेच. हा दोष टाळण्यासाठी शब्दसूची व अनुवाद-स्मृती ही दोन साधने कशी तयार करावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दसूचीची रचना :

सर्वसाधारण समज असा असतो की, मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहिला की शब्दसूची तयार झाली. वस्तुतः प्रारंभ शब्दापासून नव्हे, तर वस्तूपासून करावा लागतो. हळदीच्या मुख्य कंदास गड्डा म्हणतात व त्याच्या बाजूंना फुटलेल्या लांबट कंदांस शिजवून वाळवल्यावर हळकुंड म्हणतात. इंग्रजी व्यापारी भाषेतही हा भेद आहे. हिंदीतील 'खड़ी हल्दी' हा शब्द मात्र अखंड, न दळलेली हळद एवढेच सांगतो. त्यात दोन्ही प्रकार सामावतात. म्हणून प्रत्येक नोंदीस व्याख्या जोडणे अनिवार्य ठरते. OmegaT या विनामूल्य अनुवाद-प्रणालीत मूळ संज्ञा, पर्याय व टीप असे तीन स्तंभ टॅबने विभागून, यूटीएफ-८ संकेतनात साठवले जातात :

```
हळकुंड	turmeric finger	शिजवून वाळवलेला बाजूचा कंद
गड्डा	turmeric bulb	मुख्य कंद
ओली हळद	fresh turmeric	न शिजवलेली, न वाळवलेली
```

हिंदीसाठी स्वतंत्र प्रकल्प व स्वतंत्र सूची करावी लागते, कारण ही प्रणाली एका वेळी एकाच भाषाजोडीवर काम करते.

स्थलनामाबाबत तर विशेष दक्षता हवी. वर्धा तालुक्यात वायगाव (निपाणी) हे दुसरे गाव आहे, हे येथील वाचकांस सांगणे नलगे; बाहेरच्या ग्राहकास ते ठाऊक नसते. मानांकनातील नाव `Waigaon Turmeric` असे आहे. त्याऐवजी कोठे `Vaigaon`, कोठे `Waygaon` असे लिहिले गेले, तर नोंदणीकृत नावाने शोध घेणाऱ्यास तो माल सापडेलच असे नाही.

मराठीच्या प्रकृतीमुळे आणखी एक अडचण उद्भवते. सूचीत 'हळकुंड' असले तरी वाक्यात 'हळकुंडाची', 'हळकुंडांना' अशी सामान्यरूपे येतात व संगणक ती ओळखतोच असे नाही. यावर उपाय साधा आहे. वर्णनात 'प्रकार : हळकुंड' अशी प्रत्ययविरहित मांडणी करावी व उरलेली नित्य रूपे सूचीत स्वतंत्र ओळींत नोंदवावीत. हिंदीतील 'ड़' हे अक्षर तर एका संकेताने किंवा 'ड' व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसते. संगणकास ते दोन निराळे शब्द वाटू शकतात.

अनुवाद-स्मृती व तिच्या मर्यादा :

अनुवाद-स्मृती शब्द नव्हे, तर संपूर्ण वाक्य व त्याचा मान्य अनुवाद यांची जोडी साठवते. नव्या सूचीत तेच वाक्य आले की जुना अनुवाद पुढे येतो. मिळतेजुळते वाक्य आले तर साम्याच्या टक्केवारीसह येतो. येथेच खरा धोका आहे. 'शिजवून उन्हात वाळवलेली ही हळकुंडे पॉलिश केलेली आहेत' हे वाक्य स्मृतीत आहे असे समजू. पुढील मालासाठी शेवटचा शब्द 'नाहीत' असा बदलला, तर आठपैकी सात शब्द जुळतात, म्हणजे शब्दमोजणीने साम्य सुमारे ८७ टक्के भरते. अर्थ मात्र नेमका उलट होतो. २५० व ५०० ग्रॅमच्या वाक्यांतही हेच घडते. यास्तव पूर्ण साम्याखालील कोणताही अनुवाद वाचल्याविना स्वीकारू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. टक्केवारी अक्षरांचे साम्य मोजते, आशयाचे नव्हे.

स्मृतीत एकदा चुकीची संज्ञा शिरली की ती प्रत्येक नव्या सूचीत निमूटपणे पसरते. केवळ शब्दसूची दुरुस्त केल्याने जुनी वाक्ये बदलत नाहीत. संज्ञा बदलल्यास स्मृतीतील ती संज्ञा असलेली सर्व वाक्ये शोधून सुधारावी लागतात. पडताळणीसाठी मराठी मजकुरात 'हळकुंड' किती वेळा आले व इंग्रजीत `turmeric finger` किती वेळा आले, हे मोजून पाहावे. आकडे जुळले नाहीत, तर `turmeric root` किंवा `turmeric stick` असा एखादा अमान्य पर्याय शोधून पाहावा; बहुधा तफावत तेथेच सापडते. आकडे जुळले तरी दोन ठिकाणच्या संज्ञांची अदलाबदल या मोजणीत उघड होत नाही. तेवढ्यासाठी हळकुंड व गड्डा प्रत्यक्ष हाताळलेल्या व्यक्तीने तिन्ही सूची शेजारी ठेवून वाचणे आवश्यक राहते.