शिक्षणाच्या हिशेबातून सुटलेला घटक

जास्त शिकलेली माणसे जास्त कमावतात. पण त्या जादा कमाईचे सगळे श्रेय शाळेला देता येत नाही. जी मुले मुळात हुशार असतात, ती जास्त वर्षे शिकतात आणि तीच हुशारी पुढे कामावरही पैसे मिळवून देते. हिशेबात हुशारी धरलीच नाही, तर तिचा वाटा शिक्षणाच्या खात्यावर जमा होतो. संख्याशास्त्रात याला वगळलेल्या चलामुळे येणारा कल म्हणतात.

समजा, शिक्षणाचे एक वर्ष महिन्याची कमाई खरोखर 800 रुपयांनी वाढवते आणि बुद्धिचाचणीतला एक गुण 100 रुपयांनी. एक वर्ष जास्त शिकलेल्यांचे गुण सरासरी 4 ने जास्त आहेत. मग फक्त शिक्षण आणि कमाईची तुलना केली, तर एका वर्षाचा फायदा 800 अधिक 4 गुणिले 100, म्हणजे 1200 रुपये दिसतो. दोन दुव्यांपैकी एक जरी शून्य असला, तरी ही चूक उरत नाही. एक दुवा उलट दिशेचा असेल, तर फायदा कमी दिसतो. नमुना कितीही मोठा घेतला तरी हे 400 रुपये हटत नाहीत. खरी अडचण इथेच आहे.

हुशारी नीट मोजता येत नाही, म्हणून ॲशेनफेल्टर आणि क्रूगर यांनी अमेरिकेतल्या ओहायोमधील ट्विन्सबर्ग गावच्या जुळ्यांच्या मेळाव्यात एकरूप जुळी गाठली. जनुके आणि घर एकच, म्हणून जुळ्या भावंडांच्या शिक्षणातला फरक तेवढा कमाईतल्या फरकाशी ताडून पाहिला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिक्षणाचा फायदा फुगवून दिसत असल्याचा पुरावा मिळाला नाही. अर्थात, एकाच घरातली दोन भावंडे वेगवेगळी वर्षे का शिकली, हा प्रश्न या पद्धतीतही उरतोच.