हेल्मेट घेण्याआधी डोकं मोजा

चप्पल घेताना आपण नंबर सांगतो, हेल्मेट घेताना मात्र 'मिडियम द्या' म्हणून मोकळे होतो. मिडियम म्हणजे नेमकं किती, हे कंपनीगणिक बदलतं. खरं माप सेंटिमीटरमध्ये असतं, आणि ते घरी दोन मिनिटांत घेता येतं.

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. भुवयांच्या साधारण बोटभर वरून सुरुवात करा, टेप कानांच्या वरून न्या आणि मागे डोक्याचा जो फुगीर भाग हाताला लागतो त्याच्यावरून फिरवून परत कपाळावर आणा. डोक्याचा सर्वांत मोठा घेर इथेच असतो. टेप मागे मानेकडे घसरली किंवा वर सरकली तर आकडा चुकतो, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर केस सोडून खाली बांधा. हेल्मेट घालताना ते जसे असतील तसेच मोजतानाही हवेत. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजली तरी चालतं.

समजा, ५७.३, ५७.६ आणि ५७.४ असे आकडे आले. मग तुमचं माप ५७.६ सेंटिमीटर, म्हणजे ५७६ मिलिमीटर. आपल्याकडच्या बऱ्याच हेल्मेटांवर अक्षराशेजारी ५८० किंवा ६०० असा आकडा असतो. आधी ५८० घालून बघा. दुकानात ६०० 'मोकळं, छान' वाटेल, पण त्या मोकळेपणाला भुलू नका. सैल हेल्मेट वाऱ्याने डोळ्यांवर येतं आणि आपटल्यावर डोक्यावरून निसटू शकतं.

घेर जुळला म्हणजे काम झालं असं नाही, कारण घेर तोच असूनही एकाचं डोकं लांबट असतं आणि दुसऱ्याचं गोल. म्हणून हेल्मेट घालून दुकानातच दहा-पंधरा मिनिटं थांबा. गालांना आवळल्यासारखं वाटलं तर हरकत नाही, गालाचे फोम वापराने बसतात. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल, काढल्यावर तिथे लाल वळ दिसत असेल, तर ते मॉडेल सोडा. आतला कडक थर्माकोल तुमच्या डोक्यासाठी आकार बदलत नाही.

आता पट्टा लावा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलायला हवी. मग मागची कड धरून ते पुढे ओढा. पट्टा लावलेला असूनही निघून आलं तर एक साइज लहान मागा, नाहीतर दुसऱ्या घडणीचं बघा.

आयएसआय चिन्ह तपासायचंच आहे. पण चिन्ह असलेलं हेल्मेटसुद्धा मापाचं नसेल तर घेऊ नका, आणि घरात दोघांची मापं वेगळी असतील तर दोन हेल्मेट घ्या.