अठरा सेकंदांचा कटसीन

२००२ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘किंगडम हार्ट्स’मध्ये हॉलो बॅस्टियन किल्ल्यात रिकूशी एक लढाई होते. ती अवघड आहे, त्यामुळे बहुतेक जण पहिल्या फेरीत हरत. हरलं की लढाईआधीचा लांबलचक संवाद पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागे, कारण मूळ आवृत्तीत तो ओलांडायची सोयच नव्हती. नंतरच्या ‘फायनल मिक्स’ आवृत्तीत ती आली. प्रसंग वाईट नव्हता. पण दहाव्यांदा पाहताना चांगला प्रसंगही छळतो.

खेळ थांबवून गोष्ट पुढे नेणाऱ्या अशा छोट्या चित्रफितीला गेमच्या धंद्यात कटसीन म्हणतात. तो लहान का असावा आणि कसा रचावा, हे एका काल्पनिक प्रसंगातून नीट कळतं. समजा, नायिका किल्ल्यातला एक दांडा ओढते, दूरचा दरवाजा उघडतो आणि आवाजाने पहारेकरी सावध होतो. खेळणाऱ्याला एवढंच समजायला हवं. त्याला अठरा सेकंद पुरतात.

पहिला शॉट चार सेकंदांचा. त्यात दांडा आणि दरवाजा एकाच चौकटीत दिसले पाहिजेत, नाहीतर कशामुळे काय उघडलं हे कळत नाही. मग तीन सेकंद साखळी आणि वर सरकणारा दरवाजा, पाच सेकंद मान वळवणारा पहारेकरी आणि शेवटचे सहा सेकंद नायिकेच्या पाठीमागून. हा शेवटचा शॉट सर्वात जपून करायचा, कारण तो संपताना कॅमेरा खेळातल्या नेहमीच्या जागी, त्याच उंचीवर आणि त्याच कोनात येऊन थांबला पाहिजे. तसं झालं तर ताबा हातात परत आल्याचा धक्का बसत नाही.

नायिका आणि पहारेकरी यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा सिनेमातला जुना नियम इथे जास्तच लागू पडतो. कॅमेरा रेषेपलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला पाहताना दिसतात. सिनेमाचा प्रेक्षक क्षणभर गोंधळून सावरतो. इथे मात्र पुढच्याच क्षणी पळायचं असतं, आणि खेळणारा नेमका उलट्या बाजूला पळतो.

कट करताना एक खोड हमखास निघते. ॲनिमेशन सेकंदाला ३० फ्रेमने केलेलं असतं. पहिला शॉट १२०व्या फ्रेमला संपतो आणि १२१व्या फ्रेमला तोच कॅमेरा दुसरीकडे ठेवलेला असतो. गेम मात्र पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं काढतो. म्हणजे त्या दोन फ्रेमच्या मधलंही एक चित्र निघतं, आणि त्यात कॅमेरा दोन जागांच्या मध्यावर, बहुधा भिंतीच्या आतच, असतो. डोळ्याला फक्त काहीतरी चमकून गेल्यासारखं वाटतं. खात्री करायची तर पडदा रेकॉर्ड करून एकेक चित्र पुढे सरकवत पाहावं. उपाय सोपा आहे: प्रत्येक शॉटला वेगळा कॅमेरा द्यायचा आणि एकावरून दुसऱ्यावर थेट उडी मारायची. अनरियल इंजिनच्या सीक्वेन्सरमध्ये यासाठी कॅमेरा कटची स्वतंत्र पट्टीच असते.

पात्रांचा प्रश्न वेगळा. १९९७च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये क्लाउड फिरताना बुटका, ठोकळ्यासारखा दिसतो, लढाईत उंच होतो आणि आधीच तयार करून ठेवलेल्या काही चित्रफितींत तर आणखी निराळा. पुढच्याच वर्षी ‘मेटल गिअर सॉलिड’ने खेळातलीच मॉडेल्स कटसीनमध्ये वापरली. त्या चेहऱ्यांना हलणारे ओठ नव्हते, म्हणून बोलणारं पात्र मान हलवून बोलतं. छोट्या चमूने हाच मार्ग धरावा. चेहरा साधा असेल तर कॅमेरा फार जवळ नेऊ नये आणि भाव मान, खांदे, हात यांवर सोपवावा. मॉडेल तेच असलं की खेळणाऱ्याने नायिकेला चढवलेलं नवं चिलखतही कटसीनमध्ये आपोआप दिसतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’मध्ये (२०२०) दुसरी वाट काढली. तिथे गोष्ट छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितली जाते. चित्रशैलीच पूर्ण वेगळी असल्यामुळे मॉडेल जुळण्याची अपेक्षाच उरत नाही. अर्धवट जुळणारं मॉडेल मात्र खटकतं.

आता ओलांडण्याची सोय. चुकून बोट लागून प्रसंग उडू नये म्हणून बटण सेकंदभर दाबून धरायला लावणं बरं. खरी गोम त्यानंतर आहे. आपल्या प्रसंगात सातव्या सेकंदाला ‘दरवाजा उघड’ ही आज्ञा सुटते. खेळणाऱ्याने तिसऱ्याच सेकंदाला प्रसंग ओलांडला तर ती आज्ञा सुटतच नाही. दरवाजा बंद, दांडा आधीच ओढलेला, आणि खेळ तिथेच अडकतो. म्हणून शेवटची स्थिती वेगळी लिहून ठेवतात: दरवाजा उघडा, नायिका अमुक जागी, पहारेकरी सावध, संगीत बदललेलं. प्रसंग पूर्ण पाहिला काय किंवा मध्येच सोडला काय, दोन्ही वेळा तीच स्थिती लावायची. तपासताना पहिल्या सेकंदाला, दरवाजा अर्धा वर असताना आणि अगदी शेवटच्या क्षणी, असं तीनदा ओलांडून पाहायचं आणि दर वेळी नायिकेला त्या दरवाजातून पलीकडे चालवत न्यायचं.